आलेख सरळ, उत्तर वाकडं

भिंतीत रोवलेल्या लोखंडी घोडीवरून एक पितळी तार सरळ खाली उतरलेली असते आणि तिच्या टोकाला दोन किलोची एक जाड, गुळगुळीत चकती आडवी टांगलेली असते. चकतीला हलकेच पाव फेरा देऊन सोडलं की ती सावकाश परत फिरते, मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते, थबकते आणि पुन्हा उलटी येते. ना टिकटिक, ना कसली घाई. एका येण्याजाण्याला साडेसात सेकंदांच्या आसपास लागतात. दुपारच्या प्रॅक्टिकलला जेवून आलेल्या पोरांना ही चकती हमखास डुलकी आणते.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत याला ‘टॉर्शनल पेंड्युलम’ म्हणतात. मराठीत आपण पीळ-लंबक म्हणू. काम एवढंच की चकतीच्या दोलनाला लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून तारेच्या धातूचा दृढता गुणांक काढायचा. पोरांच्या भाषेत ‘रिजिडिटीचा प्रयोग’ किंवा नुसता ‘एटा’, कारण सूत्रात या गुणांकासाठी η हे ग्रीक अक्षर असतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी हा प्रयोग केला आणि सपशेल तोंडावर आपटलो. पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी एखादी तरी बॅच माझ्याच खड्ड्यात पडताना पाहिली. तो खड्डा कुठे आहे ते सांगण्यासाठी आधी तारेच्या आत शिरायला हवं.

धातूची तार ओढली की ती किंचित लांब होते. त्या हट्टाचं माप म्हणजे यंगचा गुणांक. पण तार पिळली तर तिची लांबी बदलत नाही, जाडीही बदलत नाही. मग ती विरोध कशाला करते? टेबलावर रुपयाची वीसेक नाणी एकावर एक रचा आणि चवडीच्या बाजूवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने एक सरळ उभी रेघ मारा. आता प्रत्येक नाणं खालच्यापेक्षा जरा जरा जास्त फिरवत जा. चवडीची उंची तेवढीच राहते, नाणी तेवढीच राहतात, पण ती उभी रेघ तिरपी होते. पिळलेल्या तारेत नेमकं हेच होतं. तार म्हणजे जणू कागदाहून पातळ अशा असंख्य नाण्यांची चवड, आणि पीळ दिला की प्रत्येक नाणं शेजारच्यावरून सरकू पाहतं. धातूचे अणू एकमेकांना धरून बसलेले असल्यामुळे ते सरकू देत नाहीत. हा सरकण्याला होणारा विरोध म्हणजे दृढता गुणांक. पाण्याला तो नसतोच, म्हणून पाणी पिळता येत नाही. पोलादाचा साधारण ८० गिगापास्कल असतो, तांब्याचा ४५च्या आसपास, पितळेचा ३५ ते ४०.

रेघ किती तिरपी होते, याचा अंदाज घेण्यासारखा आहे. आमची तार ६० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ०.९ मिलिमीटर जाड होती. खालची चकती पाव फेरा फिरवली म्हणजे डोळ्यांना पीळ भलताच वाटतो. पण तारेच्या पृष्ठभागावरची ती काल्पनिक रेघ मीटरला सुमारे १.२ मिलिमीटर इतकीच कलते. एवढ्याशा कलण्याने पितळेचं काहीच बिघडत नाही. सोडलं की ते मुकाट्याने मूळ जागी येतं. लांब तारेची ही मोठी सोय आहे, कारण पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो आणि कोणत्याही एका जागी ताण थोडाच बसतो. चकती पाव फेऱ्यावर धरून ठेवायला तिच्या कडेवर किती जोर लावावा लागतो? मी हिशेब केला तेव्हा मलाच नवल वाटलं होतं. फक्त ९ ग्रॅम वजनाइतका! दोन किलोच्या चकतीला मागे खेचणारी सगळी ताकद ती एवढी. म्हणून तर ती इतकी संथ हलते, आणि म्हणूनच छताचा पंखा चालू असला की तिचं बिनसतं. या प्रयोगाला बसायचं तर आधी पंखा बंद करायचा आणि घाम गाळायचा.

इथे एक गैरसमज दूर करतो. लहानपणी झोपाळ्यावर बसून गरगर फिरत दोरांना पीळ देण्याचा आणि मग पाय उचलून उलटं भिरभिरण्याचा खेळ सगळ्यांनीच केलेला असतो. तो पीळ-लंबक नव्हे. दोन दोर एकमेकांभोवती गुंडाळले की पाट थोडा वर उचलला जातो आणि तो खाली येऊ पाहतो, म्हणून आपण उलटे फिरतो. तिथे काम गुरुत्वाकर्षण करतं. आमच्या तारेत गुरुत्वाकर्षणाचं काम फक्त तार ताठ ठेवण्यापुरतं. हाच प्रयोग चंद्रावर केला तरी दोलनकाल बदलणार नाही.

आता मूळ हिशेब. चकती फिरायला किती जड आहे, याचं माप म्हणजे जडत्व आघूर्ण, ज्याला प्रयोगशाळेत सगळे मोमेंट ऑफ इनर्शियाच म्हणतात. आणि तार तिला किती जोराने मागे फिरवते, ते झालं तारेचं ताठपण. या दोघांच्या भांडणातून दोलनकाल ठरतो:

T = 2π√(I/C)

T हा दोलनकाल, I चकतीचं जडत्व आघूर्ण आणि C तारेचं ताठपण, म्हणजे एक रेडियन पीळ देण्यासाठी लागणारा फिरता जोर. साधा लंबक जास्त झोका दिला की मंद पडतो, ९० अंशांचा झोका दिला तर त्याचा दोलनकाल जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून त्याला चार-पाच अंशांच्या आत हलवावं लागतं. पीळ-लंबकाला ही अट नाही. तार जोवर मूळ जागी परत येते आहे, तोवर पाव फेरा द्या की त्याच्या अर्धा द्या, वेळ तोच. ही गोष्ट तपासायचीही सोपी युक्ती आहे. पहिल्या २० दोलनांना लागलेला वेळ आणि चकती थकल्यावरच्या २० दोलनांना लागलेला वेळ ताडून पाहायचा. दोन्ही सारखे आले नाहीत, किंवा चकती थांबल्यावर तिच्यावरची खूण मूळ जागेपासून सरकलेली दिसली, तर तार चकमधून घसरते आहे असं समजावं. नाहीतर कुणीतरी उत्साहाने पूर्ण दोन फेरे पीळ दिलेला असतो आणि मग सुंभ न जळताही पीळ तसाच राहिलेला असतो.

चक म्हणजे तारेची दोन्ही टोकं पकडणारे ते छोटे पितळी जबडे. चकती सोडताना ती आडवी झुलली, तर फिरणं आणि झुलणं यांची खिचडी होते आणि मोजणी बिघडते. म्हणून ती दोन्ही हातांनी, अगदी जात्याला हात घालावा तशी, फिरवून अलगद सोडायची. वेळ मोजायचा तो खूण मधल्या जागेवरून जाताना. टोकाला चकती थबकते, नक्की कोणत्या क्षणी थबकली ते कुणालाच सांगता येत नाही. मधून ती सर्वांत वेगाने जाते, तेव्हा क्षण पकडणं सोपं. आणि मोजणी ‘शून्य’पासून सुरू करायची. घड्याळ सुरू करताना जो ‘एक’ म्हणतो त्याची २० दोलनं प्रत्यक्षात १९च भरतात आणि शेवटच्या उत्तरात १० टक्क्यांचा घोळ होतो.

आमच्या जोडीने हे सगळं निगुतीने केलं होतं. तारेची लांबी ६०, मग ५०, ४० आणि ३० सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरला २० दोलनांना १४८.८ सेकंद, म्हणजे एकाला ७.४४. लांबी कमी केली की तार ताठ होते आणि चकती लवकर फिरते. ३० सेंटिमीटरला ५.२६ सेकंद आले. दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला तर चारही ठिपके फूटपट्टीने आखल्यासारखे एका रेषेत, आणि रेषा थेट शून्यातून जाणारी. अशी रेषा पाहून माझा जोडीदार म्हणाला, “आज सरांना बोलायला जागाच नाही.”

मग चकतीची मापं. वजन २.०५ किलो, त्रिज्या ७.५ सेंटिमीटर. शेवटी स्क्रूगेजने तारेचा व्यास: ०.९४ मिलिमीटर. सूत्रात आकडे घातले. सूत्र असं:

η = 8πIL/(T²r⁴)

L तारेची लांबी आणि r तिची त्रिज्या. उत्तर आलं ३२.२ गिगापास्कल. आमच्या जर्नलमागच्या तक्त्यात पितळेसाठी ३६ होतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक, आणि तोही त्या देखण्या आलेखानंतर!

सरांनी वही घेतली, आलेखाकडे पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, “स्क्रूगेजचा झिरो पाहिला होता का?”

“पाहिला होता, सर.”

“किती होता?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सर उठले, कपाटातून तोच स्क्रूगेज काढला आणि जबडे मिटून माझ्या हातात दिला. मिटलेल्या जबड्यांत काहीच नव्हतं, तरी तो ०.०३ मिलिमीटर दाखवत होता. म्हणजे तार ०.९४ नव्हे, ०.९१ होती.

“आता पुन्हा कर,” सर म्हणाले.

पुन्हा केलं. ३६.६ आलं. व्यासातल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी अशा फरकाने उत्तर ३२ वरून ३६ वर गेलं होतं. “आणि तुमचा आलेख?” सर म्हणाले, “तो तेव्हाही असाच सरळ होता. तारेची जाडी त्या आलेखाला माहीतच नाही.”

हे वाक्य मला कळायला पुढची दोन-तीन वर्षं लागली. आलेख चुका पकडतो, पण सगळ्या नाही. समजा, लांबी मोजताना आपण चकच्या आत दडलेला १ सेंटिमीटर तुकडाही धरला. मग रेषा शून्यातून न जाता लांबीच्या अक्षाला १ सेंटिमीटरवर छेदते आणि चूक उघडी पडते. एखाद्या लांबीला चकती झुलली किंवा एखादं दोलन मोजायचं राहिलं, तर तो एक ठिपका रेषेबाहेर पडतो. पण व्यास चारही लांब्यांना तोच आहे. तो चुकला तर चारही उत्तरं एकाच बाजूला सारखीच चुकतात, आणि एकसारख्या चुकलेल्या गोष्टी एका ओळीत फार छान उभ्या राहतात.

त्यातून सूत्रात त्रिज्येचा चौथा घात. हा चार कुठून आला, ते पुस्तकात इंटिग्रेशन करून दाखवतात आणि पोरं ते पाठ करतात. पण नाण्यांच्या चवडीकडे परत गेलं तर तो बोटावर मोजता येतो. चवड पिळल्यावर सर्वांत बाहेरची रेघ सर्वांत जास्त तिरपी होते, नाण्याच्या अर्ध्या त्रिज्येवरची रेघ असती तर ती निम्मीच तिरपी झाली असती. म्हणजे केंद्रापासून जितकं दूर तितका ताण जास्त, हा पहिला घात. दुसरा तरफेचा. दाराची मूठ बिजागरीपासून लांब बसवतात, कारण लांबून लावलेला जोर जास्त फिरवतो, तसाच तारेच्या कडेचा धातू केंद्राजवळच्या धातूपेक्षा जास्त फिरवू शकतो. उरलेले दोन घात क्षेत्रफळाचे. जाड तारेत धातूच जास्त असतो आणि तो त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. एक, एक आणि दोन मिळून चार. तारेची जाडी दुप्पट केली की ताठपण सोळापट. तारेच्या गाभ्यातला धातू या कामात जवळजवळ आयता बसून खातो, सगळा भार कड सोसते.

याचा प्रयोगातला अर्थ मोठा गमतीचा आहे. स्टॉपवॉचच्या बटणावर बोट दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली तर १४८.८ सेकंदांत ती किरकोळ आहे, उत्तरात पाव टक्क्याच्या आसपास फरक पडतो. स्क्रूगेजचं सर्वांत लहान माप मात्र ०.०१ मिलिमीटर. म्हणजे वाचताना एक घर इकडचं तिकडे होणं हे अगदी साहजिक. ०.९१ ऐवजी ०.९२ वाचलं तर ३६.६ चं ३५.१ होतं, ०.९० वाचलं तर ३८.३. एका घरासाठी साडेचार टक्के! आणि आम्ही पोरं काय करतो? दीड तास वेळ मोजण्यात घालवतो, स्टॉपवॉचवरून भांडतो, प्रत्येक लांबीला तीन-तीनदा दोलनं मोजतो. आणि बेल व्हायला पाच मिनिटं उरली की व्यास एकाच जागी, एकदाच मोजून पळतो. वेळ नेमका उलटा वाटायला हवा.

जुन्या विद्यार्थ्यांना हे न शिकवताच उमगलेलं असतं, हेही सांगून टाकतो. तक्त्याशी उत्तर जुळेनासं झालं की ते व्यासात एक घर कमी-जास्त करतात. साडेचार टक्क्यांचं औषध एका घरात मिळतं आणि परीक्षकाला संशय घ्यायला वावही राहत नाही.

मग व्यास नीट मोजायचा कसा? पहिला उपाय साधा आहे. तार ज्या छिद्रातून ओढून काढतात ते झिजलं असलं तर तार पूर्ण गोल नसते, किंचित लंबगोल असते. म्हणून एकाच जागी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजायचं आणि असं वर, मध्ये, खाली निदान पाच-सहा ठिकाणी. स्क्रू रॅचेटच्या खटक्यानेच फिरवायचा, अंगठ्याने आवळला तर पितळ दबतं. एवढं केल्यावर सरासरीतली अनिश्चितता एका घराच्या खाली येते.

दुसरा उपाय मला फार वर्षांनी कळला, आणि गंमत म्हणजे तो या प्रयोगाच्या जन्मापासूनचा आहे. तारेच्या पिळाचा पद्धतशीर अभ्यास केला तो शार्ल कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने. विद्युतभाराचं एकक ज्याच्या नावाचं आहे, तोच हा. १७८४ साली त्याने धातूच्या तारांच्या पिळावर एक निबंध सादर केला. त्यासाठी तारा आणल्या त्या हार्पसिकॉर्ड या वाद्याच्या, लोखंडी आणि पितळी. तंबोऱ्यालाही खर्जाची तार पितळी आणि बाकीच्या पोलादी असतात, तेव्हा ही खरेदी आपल्याला परकी वाटायला नको. तारेला वजन टांगून, पीळ देऊन, दोलनं मोजून त्याने दाखवलं की मागे फिरवणारा जोर पिळाच्या कोनाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. पुढच्याच वर्षी विद्युतभारांमधलं बल मोजणारा त्याचा प्रसिद्ध तराजू याच पिळाच्या नियमावर उभा राहिला. आणि तारांची जाडी? ती त्याने ठरावीक लांबीच्या तारेच्या वजनावरून धरली.

वजनावरून! यातलं शहाणपण पाहा. तारेचं वजन त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. म्हणून त्रिज्येचा चौथा घात हवा असेल तर वजनाचा वर्ग पुरे. व्यासातली एक टक्क्याची चूक उत्तरात चार टक्के होऊन येते, वजनातली एक टक्क्याची चूक दोनच टक्के. शिवाय वजन म्हणजे सगळ्या लांबीची आपोआप झालेली सरासरी. तार कुठे लंबगोल असो, कुठे बारीक असो, तराजूला त्याचं सोयरसुतक नसतं. स्क्रूगेज सहा ठिकाणी मोजतो, तराजू सगळीकडे.

एक अडचण उरते. वजनावरून जाडी काढायला धातूची घनता लागते आणि पितळ म्हणजे एक धातू नव्हे, तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. प्रमाण बदललं की घनता ८.४ पासून ८.७ पर्यंत कुठेही असू शकते. तिथेच दोन-तीन टक्क्यांची माती होते आणि वर्ग केल्यावर ती दुप्पट होते. यावर तोडगा आर्किमिडीजचा. तारेचं वेटोळं आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलायचं. जेवढं वजन घटलं तेवढ्या वजनाचं पाणी तारेने बाजूला सारलं, म्हणजे तारेचं आकारमान हाती आलं. आकारमानाला लांबीने भागलं की छेदाचं क्षेत्रफळ. घनता मध्ये आलीच नाही.

शिकवायला लागल्यावर एका सुट्टीत मी हे करून पाहिलं. प्रयोगशाळेचे मामा, म्हणजे कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्या कनवटीला असतात ते, त्यांच्याकडून त्याच जातीच्या तारेचं पाच मीटरचं वेटोळं मागून घेतलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर पाण्यात वजन ३.७ ग्रॅमने घटल्यासारखं दिसलं. हिशेब जुळेना, तार तर स्क्रूगेजपेक्षा बरीच जाड ठरत होती. वेटोळं डोळ्यांजवळ धरलं तेव्हा कारण दिसलं. तारेच्या वळणावळणांत हवेचे बारीक बुडबुडे चिकटले होते, रव्याच्या दाण्यांएवढे, आणि तेच तारेला वर उचलत होते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले, वेटोळं हलवून हलवून बुडबुडे सोडवले. आता घट ३.२८ ग्रॅमवर स्थिरावली. त्यातून व्यास आला ०.९१४ मिलिमीटर. स्क्रूगेजच्या ०.९१ आणि ०.९२ या दोन घरांच्या मधला, जो स्क्रूगेजला कधी नेमका सांगताच आला नसता. जुन्या वहीतलेच ७.४४ सेकंद घेऊन दृढता गुणांक काढला तर ३६.० गिगापास्कल. तराजूत एका घराची चूक धरली तरी या आकड्यात ०.२ चाच फरक पडतो.

ते ३६.० तक्त्याशी तंतोतंत जुळलं म्हणून मी हुरळून गेलो नाही, कारण तक्त्यातलं पितळ आणि आमचं पितळ एकच कशावरून? तांब्याचं प्रमाण, तार थंड ओढली की तापवून मऊ केली, या सगळ्याने तो आकडा थोडा हलतो. ३७ आलं असतं तरी ते चूक ठरलं नसतं.

व्यासाचं ओझं उतरलं तसं दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष गेलं. चकतीचं जडत्व आघूर्ण आपण वजन आणि त्रिज्येवरून काढतो, पण तिच्या मधोमध चक असतो, स्क्रू असतो, कधी छिद्र असतं. त्यांचा हिशेब कोण धरतो? या कटकटीवर जुना तोडगा म्हणजे मॅक्सवेलची सुई. नाव सुई, पण असते एक आडवी पोकळ नळी, आणि तिच्यात एकाच लांबीचे चार तुकडे सरकवलेले, दोन भरीव आणि दोन पोकळ. आधी भरीव तुकडे टोकांना ठेवून दोलनं मोजायची, मग ते आत आणि पोकळ बाहेर करून पुन्हा मोजायची. दोन दोलनकालांच्या वर्गांची वजाबाकी केली की नळी, चक, स्क्रू सगळे गळून पडतात, कारण ते दोन्ही वेळी तेच होते. उरतात फक्त ते चार तुकडे, आणि त्यांची वजनं आपल्याला तराजूवर कळतात. शिवाय तारेवरचं एकूण वजन बदलत नाही, त्यामुळे तिचा ताणही तोच. माझ्या मते या अख्ख्या प्रयोगातली सर्वांत देखणी कल्पना ही आहे, आणि बहुतेक महाविद्यालयांत ती नळी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात असते.

हेन्री कॅव्हेंडिशला तर यातलं काहीच मोजावं लागलं नाही. १७९८ साली त्याने छापलेला पृथ्वीच्या घनतेचा प्रयोग म्हणजे एक मोठा पीळ-लंबकच होता. सहा फूट लांबीची काठी, टोकांना शिशाचे गोळे, आणि ती एका बारीक तारेने टांगलेली. सुरुवातीच्या तारेने काठीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायलाच जवळजवळ १५ मिनिटं लागत. ती फारच लवचीक वाटली म्हणून त्याने ताठ तार लावली, मग ती सातेक मिनिटांवर आली. शिशाच्या मोठ्या गोळ्यांनी काठी किती ओढली हे त्याला कळायला तारेचं ताठपण हवं होतं, आणि ते दोलनकाल व काठीचं जडत्व आघूर्ण यांतूनच मिळालं. तार कोणत्या धातूची, किती जाड, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. लंबक खरं तर एवढंच सांगतो: ही तार किती ताठ आहे. तेवढं मात्र तो फार अचूक सांगतो. तारेकडून धातूकडे जाताना जाडी मोजावी लागते, आणि आमचा सगळा घोळ त्या एका पायरीवरचा.

तार घोडीवरून काढून गुंडाळताना मामा दारात उभे होते. त्यांनी ते पाच मीटरचं वेटोळं परत मागितलं, साबणाचा वास घेतला आणि विचारलं, “धुतली कशाला, सर?”

मी सांगायला सुरुवात केली, पण त्यांचं लक्ष तारेकडे होतं. स्टोअररूमच्या खिडकीचा पडदा कधीचा लोंबत होता, त्यातले दीड मीटर त्यांनी तिथेच कापून घेतले.